लंगोट कडक होतो, गळतो, आणि त्यात पाण्याचा वाटा

प्रश्न: ताई, आम्ही घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहतो. मुलगी पाच महिन्यांची, साडेसहा किलोची. आईने नेरुळहून जुन्या साड्यांचे लंगोट दिले होते, शिवाय आम्ही सात पदरी कॉटनचे शिवलेले पॅड आणि वरून घालायची वॉटरप्रूफ चड्डी घेतली. पहिला महिना आईकडे होतो, तेव्हा सगळं छान होतं. इथे आल्यापासून पॅड वाळले की कडक होतात आणि अर्ध्या तासात मांडीकडून गळतात. साडीचे लंगोटही खरखरीत झालेत. इमारतीत टँकरचं आणि बोअरचं पाणी येतं. वडी घासून, मग थोडी पावडर टाकून धुतो, शेवटच्या पाण्यात सॉफ्टनर आणि जंतुनाशक घालतो. पदर वाढवायचे का, की हे सगळं टाकून नवे घ्यायचे?

उत्तर:

पदर वाढवू नका आणि टाकूनही देऊ नका. तेच कापड नेरुळला मऊ होतं आणि कासारवडवलीत कडक झालं, म्हणजे दोष कापडात नाही. नवी मुंबईला मुख्यतः मोरबे धरणाचं पाणी मिळतं. धरणाचं पाणी पावसाचं, साठवलेलं, त्यात क्षार कमी. बोअरचं पाणी खडकातून झिरपत येतं आणि येताना कॅल्शियम, मॅग्नेशियम घेऊन येतं. टँकर कुठे भरला त्यावर त्याचं पाणी रोज वेगळं. तुमच्या धुण्याच्या पद्धतीतल्या दोन-तीन गोष्टी नेरुळच्या पाण्यात खपून गेल्या, इथे त्या अंगावर आल्या.

आधी पदरांचा हिशोब करू, म्हणजे शंका उरणार नाही. या वयाच्या बाळाला तासाला दर किलो वजनामागे साधारण २ ते ३ मिली लघवी होते. साडेसहा किलोला तासाला १३ ते २० मिली, दोन तासांत २६ ते ४० मिली. सात पदरी सुती पॅड वाळलेला असताना ५० ग्रॅमच्या आसपास भरतो. तो दहा मिनिटं पाण्यात बुडवून, एका टोकाने पाच मिनिटं टांगून निथळू दिला, तर माझ्या काट्यावर साधारण १९० ग्रॅम होतो, म्हणजे १४० मिली पाणी धरतो. मग तो ताटात ठेवून वर पाण्याचा पाच लिटरचा कॅन मिनिटभर ठेवायचा. बाळ बसलं किंवा कुशीवर वळलं की असाच दाब पडतो. दाबानंतर पॅडमध्ये ८० मिलीच्या जवळपास उरतं. हा आकडा खरा धरायचा, आधीचा नाही. ८० मिली धरणारा पॅड अर्ध्या तासाच्या १० मिलीला गळत असेल, तर तो भरून गळत नाही. पाणी आत शिरतच नाही आणि वरून घरंगळत मांडीकडे जातं. अशा पॅडवर आणखी पदर घातले, तर आणखी कोरडे पदर मिळतील, इतकंच.

याची खात्री घरीच होते. गळलेला पॅड काढलात की लगेच उलगडून बघा. एक बाजू ओली आणि बाकीचा पॅड कोरडा असेल, तर कापड पाणी झटकतंय. सगळा पॅड एकसारखा चिंब असेल, तर तो खरंच भरला आहे, तिथे पदर वाढवणं बरोबर. आणि पॅड ठीकठाक असून चड्डीचा फक्त काठ ओला असेल, तर पॅडचा किंवा लंगोटाचा कोपरा चड्डीच्या कडेतून बाहेर डोकावतोय. सुती धागा पाणी ओढून पुढे नेतो, त्यामुळे बोटभर कोपरा बाहेर राहिला तरी तो सगळी लघवी फ्रॉकपर्यंत पोहोचवतो. तिथे चड्डी घातल्यावर मांडीच्या कडेने एक बोट फिरवून कापड आत सारलं की काम भागतं.

आता थेंब. धुतलेला, पूर्ण वाळलेला पॅड टेबलावर पसरा आणि चमच्याच्या टोकाने त्यावर पाण्याचा एक थेंब ठेवा. चांगल्या कापडात तो दोन-तीन सेकंदांत नाहीसा होतो. थेंब गोल, चकाकता राहिला आणि पाच-दहा सेकंदांनीही बसूनच असेल, तर धाग्यावर कसला तरी थर आहे. हीच चाचणी साडीच्या लंगोटावरही करा. भिवंडीला प्रोसेस हाऊसच्या प्रयोगशाळेत असताना आम्ही कापडाचा प्रत्येक लॉट याच चाचणीने पास करायचो. आज ठाण्यात लंगोट शिवायला बसते, तेव्हाही नव्या ताग्यावर आधी थेंबच ठेवते.

तो थर कसला, हे समजलं की तो कसा काढायचा हेही कळतं. तुमच्याकडे तीन थर एकावर एक चढले आहेत.

पहिला साबणाचा. वडी जर खऱ्या साबणाची असेल, तर जड पाण्यातलं कॅल्शियम साबणाशी जोडलं जातं आणि पाण्यात न विरघळणारी पांढरी साय तयार होते. बादलीच्या काठावर जो चिकट पट्टा राहतो तो हाच. ही साय मेणासारखी असते, पाण्याला दूर ठेवते, आणि लंगोटावर वडी घासताना आपण ती कापडात रगडून बसवतो. बऱ्याच डिटर्जंट वड्यांत घट्टपणासाठी खनिजांची बारीक पूडही असते. ती पुरती खळबळून निघाली नाही, तर सात पदरांच्या आत अडकते.

दुसरा थर क्षारांचा. साध्या पावडरीत धुण्याचा सोडा भरपूर असतो. सोडा जड पाण्यातलं कॅल्शियम खाली बसवतो, म्हणून पाणी हलकं होतं, हे खरं. पण ते बसलेलं कॅल्शियम कार्बोनेट कुठे जातं? थोडं पाण्याबरोबर वाहून जातं, थोडं धाग्यांवर बसतं. बादलीच्या तळाशी किंवा गिझरच्या कॉइलवर जी पांढरी पुटं दिसतात, तीच इथे कापडात असतात. म्हणून पावडर वाढवून किंवा वरून आणखी सोडा टाकून हा कडकपणा जात नाही, कधी कधी वाढतो.

तिसरा सॉफ्टनरचा. सॉफ्टनर धाग्याला चिकटून त्यावर तेलकट अस्तर देतो. हाताला मऊ लागतं ते त्या अस्तरामुळे, आणि पाणी आत जाणं कमी होतं तेही त्याच्यामुळे. चादरीला चालेल, लंगोटाला नाही. कापड कडक झालं म्हणून सॉफ्टनर घातला, त्याने गळती वाढली, गळती वाढली म्हणून जास्त घासलं, हे चक्र मी घोडबंदरच्या घरांत फार पाहते.

एका गोष्टीने घाबरू नका. दोरीवर वाळलेलं निव्वळ सुती कापड थोडं कडक होतंच, अगदी स्वच्छ असलं तरी. होक्काइडो विद्यापीठ आणि काओ या कंपनीच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं की पूर्ण वाळलेल्या सुतावरही पाण्याचा अतिशय पातळ थर उरतो आणि तो तंतूंना एकमेकांशी गोंदासारखा जोडून ठेवतो. हा कडकपणा कापड दोन्ही हातांनी चुरलं, झटकलं की मोडतो आणि थेंब लगेच आत जातो. चुरल्यावरही खरखर राहिली आणि थेंबही बसून राहिला, तर क्षार किंवा साबण समजा. पॅडच्या कडकपणाने तुम्हाला जितकं अस्वस्थ केलंय, त्यातला थोडा भाग या निरुपद्रवी प्रकाराचा असेल.

पाण्याची खात्री करायची असेल तर दोन पारदर्शक बाटल्या घ्या. एकीत नळाचं पाणी, दुसरीत तेवढंच फिल्टरचं आरओ पाणी. दोन्हींत अंघोळीच्या साबणाचा नखाएवढा कीस टाकून जोरात हलवा. आरओच्या बाटलीत फेस टिकेल आणि खाली पाणी बऱ्यापैकी स्वच्छ दिसेल. दुसरीत फेस बसेल आणि दुधासारखं गढूळ पाणी, वर फुटकी साय दिसेल. टँकरच्या दिवशी आणि बोअरचं पाणी येतं त्या दिवशी वेगवेगळं करून बघा. फरक दिसला, तर लंगोट धुण्याचा दिवस तुम्हाला मिळाला.

आता दुरुस्ती. एका वेळी चार-पाच पॅड घ्या, आणि वॉटरप्रूफ चड्डी यातून बाहेर ठेवा.

पहिल्यांदा ते नेहमीच्या डिटर्जंटने, वडी आणि सॉफ्टनरशिवाय, गरम पाण्यात धुवून खळबळा, म्हणजे वरचा मळ निघेल. मग प्लास्टिकच्या बादलीत पाच लिटर कोमट पाणी घ्या आणि त्यात एक मोठा चमचा, म्हणजे साधारण १५ ग्रॅम लिंबूफूल विरघळवा. किराणा दुकानात सायट्रिक ॲसिड म्हणूनही मिळतं. पॅड त्यात तासभर बुडवून ठेवा, मधून मधून दाबा. क्षार जास्त असतील तर बारीक बुडबुडे दिसतील. तासाने ते पाणी ओतून दोनदा खळबळा.

इथे थांबलात तर अर्धं काम होईल आणि तुम्हाला वाटेल उपाय लागू पडला नाही. कारण आम्ल क्षार विरघळवतं, पण साबणाच्या सायीतलं कॅल्शियम काढून घेतल्यावर मागे चिकट तेलकट आम्ल उरतं. ते पाण्याने जात नाही. म्हणून लगेच पुन्हा डिटर्जंट, पूर्ण मापाने, ६० अंशांच्या गरम पाण्यात. यंत्रात लांब कॉटन सायकल लावा. ही धुलाई आणि नंतरचं खळबळणं शक्य असेल तर हलक्या पाण्यात करा. आईकडे शनिवार-रविवारी जाणार असाल तर पॅड बरोबर न्या, याहून सोपी सोय नाही. शेवटच्या पाण्यात फेस दिसेनासा होईपर्यंत खळबळा. वाळल्यावर थेंब ठेवा. बहुतेक पॅड एका फेरीत सुधारतात. सॉफ्टनर जुना आणि दाट असेल तर एक-दोन गरम धुलाया जास्त लागतात.

लिंबूफुलाच्या बादलीत किंवा लिंबूफुलातून काढून अजून न धुतलेल्या कापडावर ब्लीच कधीही टाकू नका, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. लघवीने ओल्या, न धुतलेल्या लंगोटावरही ब्लीच नको, अमोनियाशी मिळून तोही घातक वायू होतो.

रोजच्या धुण्याबद्दल. शी झालेला लंगोट संडासात जेटखाली लगेच धुवून टाका. पहिलं पाणी गारच हवं, गरम पाण्याने शीतलं प्रथिन कापडात बसतं आणि डाग पक्का होतो. लघवीचा लंगोटही गार पाण्यातून एकदा काढून, पिळून, उघड्या टोपलीत ठेवा. झाकणाच्या बादलीत दिवसभर भिजत घालण्याची सवय मोडा. त्या पाण्यात जिवाणू लघवीतल्या युरियाचा अमोनिया करतात. अमोनियाने त्वचेवरचं आम्ल-अल्कलीचं गणित बिघडतं, शीतले पाचकरस जास्त तीव्र होतात आणि बाळाच्या मांड्या लाल होतात. रोज किंवा एक दिवसाआड धुवा, त्यापलीकडे साठवू नका.

मुख्य धुलाईत डिटर्जंट पाकिटावर लिहिलंय तेवढं पूर्ण घाला. बाळाचं म्हणून सगळेच निम्मं घालतात. जड पाण्यात निम्मं डिटर्जंट क्षारांशी झुंजण्यातच खर्च होतं, मळ तसाच राहतो, आणि चार दिवसांनी वास येऊ लागतो. द्रव डिटर्जंटमध्ये धुण्याचा सोडा सहसा नसतो, त्यामुळे बोअरच्या पाण्यासाठी मी तेच सुचवते. हाताने धुणार असाल तर आधी मळ काढलेले लंगोट बादलीत ठेवून त्यावर गॅसवरचं उकळतं पाणी आणि डिटर्जंट ओता, अर्धा तास झाकून ठेवा, मग हाताला सोसेल तसं धुवा. बादली बाळाच्या आणि मोठ्या मुलांच्या हाताबाहेर ठेवा. नंतर दोन पाण्यांतून खळबळा.

शेवटच्या पाण्यातलं जंतुनाशक बंद करा. ते कापडात राहून बाळाच्या ओल्या त्वचेला दिवसभर लागतं. स्वच्छता डिटर्जंट, उष्णता, भरपूर खळबळणं आणि पुरतं वाळणं यांतून येते. धुतलेला, वाळलेला लंगोट पहिल्यांदा ओला होताच नाकात झोंबणारा वास आला, तरच एकदा ब्लीच. पाच लिटर गार पाण्यात घरगुती ब्लीच ५० मिली, धुतलेले पांढरे सुती लंगोट अर्धा तास, मग वास जाईपर्यंत खळबळून पुन्हा साधी धुलाई. रंगीत कापड आणि वॉटरप्रूफ चड्डी यांना ब्लीच नको. रात्रभर घातलेल्या लंगोटाला सकाळी थोडा अमोनियाचा वास येणं यात मोडत नाही.

वाळवण्याकडे येते, कारण तुमच्या सात पदरी पॅडची खरी अडचण तिथे आहे. चारही बाजूंनी शिवलेल्या पॅडच्या मधल्या पदरांपर्यंत पाणी, डिटर्जंट, ऊन, काहीच नीट पोहोचत नाही. जुलैत ठाण्याच्या गॅलरीत असा पॅड दोन दिवस आतून ओलसर राहतो आणि कुबट होतो. वरून हात लावला की वाळलेला वाटतो, म्हणून मधोमध दुमडून गालाला लावून बघा, गार लागला तर आत ओल आहे. माझा सल्ला असा की पॅडची तीन बाजूंची शिवण उसवा आणि एकच बाजू ठेवा. पदर पुस्तकासारखे उलगडतील, प्रत्येक पदर धुतला जाईल, पावसात पंख्याखाली रात्रीत वाळेल. उसवलेल्या कडांना घरी बारीक दुमड घाला किंवा शिंप्याकडून ओव्हरलॉक करून घ्या. घालताना पदर मिटले की शोषण तेवढंच राहतं.

आईच्या साडीचे लंगोट याच कारणाने उत्तम. एकेरी पसरट कापड, घडी घालून वापरायचं आणि उलगडून वाळवायचं. जुनं सूत आणखी एका कारणाने चांगलं: कच्च्या कापसावर नैसर्गिक मेण असतं आणि मागावर सुताला खळ लावलेली असते. वर्षानुवर्षांच्या धुण्याने दोन्ही निघून गेलेलं असतं. भिवंडीच्या मागावरचं कोरं कापड घेऊन कुणी लंगोट शिवलं, तर पहिल्या दिवशी थेंब त्यावरून घरंगळतो. ते रात्रभर भिजवून, गरम पाण्यात डिटर्जंटने पाच-सहा वेळा धुतल्यावरच वापरावं. जांभळी नाक्याला तागा घेताना दुकानदार धुतलेलं कापड म्हणून देतो, तरीही घरी थेंब ठेवून बघावं.

नव्या साड्यांत मात्र बऱ्याचदा पॉलिस्टर मिसळलेलं असतं. शंका असेल तर कडेचे दोन धागे काढून चिमट्यात धरून सिंकवर पेटवा. सूत कागदासारखं जळतं आणि बोटाने चुरणारी राख सोडतं. पॉलिस्टर वितळतं आणि थंड झाल्यावर कडक मणी उरतो. पॉलिस्टर स्वतः जवळजवळ पाणी पीत नाही, पाणी फक्त धाग्यांच्या फटीत धरतं, म्हणून दाब पडला की सोडून देतं. तुमच्या पॅडच्या वरच्या मऊ पदराचीही अशी चाचणी करा. वरचा एकच पदर पॉलिस्टरचा निघाला तर हरकत नाही, तो लघवी खाली जाऊ देतो आणि त्वचा कोरडी ठेवतो. आतले पदर पॉलिस्टरचे निघाले तर पॅडची किंमत तेवढीच कमी समजा.

रात्रीचं वेगळं. आठ तासांत या बाळाला १०४ ते १५६ मिली होतील आणि एक पॅड दाबाखाली ८० धरतो. म्हणजे रात्री खरंच पदर हवेत. दुरुस्त केलेल्या पॅडखाली साडीचा लंगोट आठ पदरी पट्टीसारखी घडी करून घाला. मुलींची लघवी जास्त करून मध्यात आणि पाठीवर झोपल्यावर मागे जाते, तर जाड घडी मध्यापासून मागे सरकवा.

वॉटरप्रूफ चड्डीच्या आतल्या बाजूला प्लास्टिकसारखा पातळ थर चिकटवलेला असतो. ती कोमट पाण्यात धुवा, ६० अंशांना नको, इस्त्री नको, कडक उन्हातही नको. उजेडाकडे धरून बघा: थर सुटून फुगे आले असतील किंवा भेगा दिसल्या, तर गळती तिथूनही होते आणि ती चड्डी बदलावीच लागते.

मांडीच्या घडीत गडद लाल चट्टा आणि त्याच्या आजूबाजूला सुटे लाल ठिपके दिसले, तर ते बुरशीचं लक्षण असू शकतं. तिथे कापड बदलून भागणार नाही, बालरोगतज्ज्ञांना दाखवा, आणि औषध सुरू असेपर्यंत सगळे सुती लंगोट उकळत्या पाण्याच्या पद्धतीनेच धुवा.

दुरुस्तीच्या दोन फेऱ्यांनंतरही ज्या पॅडवर थेंब बसून राहतो आणि ज्याचा आतला धागा जाळल्यावर मणी सोडतो, तो लंगोट म्हणून वापरू नका. बाळाचे कपडे बदलताना खाली अंथरायला ठेवा. बाकीचे सगळे पॅड आणि आईचे सगळे लंगोट तुमच्या मुलीला पुरतील.